मुका काढा

पुसदच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक बंजारा तांडा होता, आणि त्या तांड्यातले सगळे घसे जमनाबाईच्या ताब्यात होते. कुणाचा नुसता आवाज बसला तरी तिची चूल पेटायची. आलं ठेचायचं, काळ्या तुळशीची पानं टाकायची, पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं, वरून गुळाचा खडा. दिवस मावळला की हळद घातलेलं गरम दूध. यात नवल काहीच नाही, घरोघरी लोक हेच करतात. नवल होतं ते जमनाबाईच्या नियमात.

तिच्या सासूनं तिला सांगून ठेवलं होतं, की घसा दुखतो तेव्हा आत एकजण येऊन बसलेली असते. तिचं नाव घ्यायचं नाही, नुसतं ‘बसणारी’ म्हणायचं. काढा ओठाला लागला की दिवस मावळेपर्यंत आजाऱ्यानं तोंड उघडायचं नाही आणि त्याच्याशी कुणी बोलायचंही नाही. बोललं की बसणारी आवाज ओळखते आणि आवाजासकट माणूस घेऊन जाते. तांडा या औषधाला मुका काढा म्हणायचा. जमनाबाई याडी, म्हणजे आई, म्हणून सगळ्यांना लाडकी होती. पण नियमाच्या बाबतीत हवालदाराहून कडक होती.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात घशाची साथ आली. परक्या माणसानं त्या दिवसांत तांड्यात पाऊल टाकलं असतं तर उलट्या पावली पळाला असता. सकाळच्या उन्हात दारोदार माणसं डोकी गुंडाळून बसलेली, समोर वाफाळती वाटी, आणि आवाज कुणाचाच नाही. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती. रोज एखादा बरा होऊन बोलायला लागे, आणि जमनाबाई मान ताठ करून पुढच्या दारी जाई.

मग धरमसिंगचा चार वर्षांचा पोरगा गेला. भर दुपारी, आई हंसाबाईच्या मांडीवर, चूं न करता. जमनाबाईनं आल्याआल्या एकच विचारलं, "बोलला का व हंसा, तो?"

हंसाबाई तिच्याकडे बघत राहिली. उत्तर तिनं दिलं नाही, आणि जमनाबाईनं ते ‘हो’ धरलं. पोरगा बोलला म्हणून गेला, असं तिनं तांड्याला सांगितलं. तांड्यानं ते मानलं आणि पोरांच्या तोंडाला घट्ट फडकी बांधली. हंसाबाई मात्र त्या दिवसापासून मुकी झाली. तिला काही दुखत नव्हतं तरी ती बोलत नव्हती. पाणवठ्यावर ती आली की बायका हंडे घेऊन बाजूला व्हायच्या.

त्यानंतर जमनाबाईची नात गंगी पडली. सहा वर्षांची, दिवसभर चिमणीसारखी चिवचिव करणारी. बिनआईच्या या पोरीवर म्हातारीचा जीव अडकला होता. तिनं काढा दिला, तोंडावर बोट ठेवलं. पोर शहाणी, गप्प राहिली. ताप फारसा नव्हता म्हणून जमनाबाईला धीर होता. तिसऱ्या दिवशी मात्र पोरीची मान जबड्याखाली फुगली आणि तिच्या श्वासाला एक गोडसर, कुजका वास यायला लागला. तो वास जमनाबाईनं ओळखला. धरमसिंगच्या झोपडीत तो तिनं घेतला होता आणि तिथं कुठं उंदीर मेला असेल असं स्वतःला समजावलं होतं.

तिनं हळदीचं दूध पोरीच्या ओठाला लावलं. गंगीनं घोट घेतला, डोळे मोठे केले, आणि ते पिवळं दूध तिच्या नाकातून बाहेर आलं. जमनाबाईनं पुसलं, पुन्हा घोट दिला. पुन्हा नाकातून तीच पिवळी धार. आत बसून कुणीतरी ते परत ढकलत होतं.

इतक्या वर्षांत म्हातारीनं कधी न केलेली गोष्ट तिनं केली.

"गंगे, बोल माय. मले हाक मार."

पोरीनं घाबरून मान हलवली. नियम आजीनंच शिकवला होता.

"मी सांगून राह्यली नं, बोल!"

"याडी," गंगी म्हणाली. आवाज नाकातून आला, घोगरा, जाड. तो गंगीचा नव्हताच. दाराशी उभा असलेला तिचा बाप प्रेमसिंग दोन पावलं मागं सरकला. "हे ते बोलून राह्यली," तो पुटपुटला, "बसणारी."

"असंन," जमनाबाई म्हणाली. "पण मंग माह्या काढ्याले ते भेत नाही. गाडी पाह्य."

गाडी शेजारच्या गावातल्या नागोराव कुणब्याची मिळाली. वाटेत तो बैलांशी बोलावं तसं सहज बोलला, "माह्या घरी बी सगळ्याईचे घसे धरले होते. आमी तं निरं गरम पानी पेलो. झाले बरे." एरवी जमनाबाईनं त्याला सोललं असतं. आज तिला फक्त पोरीचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता.

पुसदच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गंगीला खिडकीशी नेलं, चमच्यानं जीभ दाबली आणि जमनाबाईला वाकून बघायला सांगितलं. घशात, टाळूपर्यंत, राखाडी कातड्यासारखा पडदा चिकटला होता. बसणारी तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"घटसर्प," डॉक्टर म्हणाले. "टाळू सुजून लुळी पडलीय, म्हणून दूध नाकातून येतं आणि आवाज बदलतो. यावर रक्तजलाचं, म्हणजे सीरमचं, इंजेक्शन लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं."

इंजेक्शन झालं. मग जमनाबाईनं खाली मान घालून विचारलं, "माहा काढा खोटा हाय का, डॉक्टरसाहेब?"

"खोटा कशाला? गरम प्यायलं की घसा ओला राहतो, गिळायला सोपं जातं. आल्यानं ठणकाही थोडा कमी होत असेल. हळदीनं, तुळशीनं रोग जातो का, ते मला माहीत नाही. कुणी नीट पारखून पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पण बाई, साधा घसा आठवड्याभरात आपोआप बरा होतो. काढा घेतला तरी, नाही घेतला तरी. हा पडदा मात्र काढ्यानं हलत नाही. अशा वेळी आवाज बदलला, मान सुजली, तर ते आधी घरच्यांना कळायला हवं."

घरच्यांना कळायला हवं. जमनाबाईनं तर कळायची वाटच बंद करून ठेवली होती.

गंगी जगली. हृदयावर ताण नको म्हणून तिला कितीतरी दिवस खाटेवरून उठू दिलं नाही. दवाखान्याची माणसं तांड्यात आली, त्यांनी सगळ्यांचे घसे पाहिले, पोरांना लस टोचली. जमनाबाईची चूल चालूच राहिली, पण नियम उलटा झाला. आधी उन्हात तोंड उघडायचं, मोठ्यानं आपलं नाव सांगायचं, मगच वाटी मिळायची. तांडा पुन्हा गजबजला.

एका सकाळी वाटी घ्यायला हंसाबाई येऊन उभी राहिली. घसा खरंच धरला होता. जमनाबाईनं तिचं तोंड उन्हाकडे वळवून पाहिलं. आत नुसती लाली होती.

"नाव सांग," जमनाबाई म्हणाली.

हंसाबाईनं नाव सांगितलं नाही. कितीतरी दिवसांनी तिचे ओठ हलले.

"तो बोलला नव्हता, याडी. बोलाले पाहे. मी त्याच्या तोंडावर हात दाबून बसली होती."

जमनाबाईनं वाटी खाली ठेवली. तिला हंसाबाईच्या पाया पडावंसं वाटलं, पण हंसाबाई तिच्या डोळ्यांत बघत अजून काहीतरी विचारत होती.

"काय सांगत होता व तो? तुले तं मालूम असंन."