पन्नासच्या जागी चाळीस

माझं अक्षर सुरेख होतं आणि त्याचा मला माज होता. एस्प्लनेडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या डिझाइन ऑफिसात मी ट्रेसर होते, म्हणजे इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे आणि तक्ते काळ्या शाईनं ट्रेसिंगच्या कापडावर उतरवणारी. खळ घातलेलं ते निळसर पातळ कापड, त्यावर माझे आकडे असे बसायचे की छापखान्यानं हेवा करावा. चूक झाली तर अर्धं ब्लेड घेऊन शाई खरवडायची, वरून नख घासून जागा गुळगुळीत करायची आणि पुन्हा लिहायचं. ब्लूप्रिंटमध्ये काही कळत नसे. मूळ कापड खिडकीशी धरलं तर मात्र खरवडलेली जागा उजेडात लख्ख दिसे.

सत्तर सालच्या आगेमागे एका कागद गिरणीचं काम आमच्याकडे आलं. गंगेकाठच्या त्या गिरणीत कागद वाळवण्याचं अमेरिकन यंत्र होतं. त्याची वाफ बाहेर फेकणारा पंखा छताजवळच्या माळ्यावर बसवलेला, आणि त्याची मोटर पंधरा वर्षं राबून आता थकली होती. नवी मोटर देशीच घ्यायची, कारण परदेशी मागवायची तर आयात परवान्यापायी आयुष्य सरलं असतं. ती निवडण्याचं काम आमचं.

गिरणीचे इलेक्ट्रिक फोरमन स्वतः माहिती द्यायला आले. साठीला टेकलेले बंगाली गृहस्थ, धोतर, त्यावर खाकी शर्ट, खिशात थर्मामीटर. साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून मला तक्त्यातले रकाने विचारून भरून घ्यायला सांगितलं होतं. माझी बंगाली बाजारहाटापुरती, त्यांची हिंदी त्याहून अगाध. तरी त्या तासाभरात त्यांनी मला जे शिकवलं ते ऑफिसातल्या एकाही इंजिनिअरनं कधी शिकवलं नव्हतं.

“भोवतालचं तापमान?” मी विचारलं.

“पोंचाश. लेखो, मा.” पन्नास, लिही पोरी. आठ दिवस दुपारी शिडीनं माळ्यावर चढून त्यांनी मोटरीच्या शेजारी मोजलं होतं. आकडे लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

मी म्हटलं, बाकी सगळ्या तक्त्यांत चाळीस असतं. ते हसले. चाळीस हा मोटर बनवणाऱ्याचा आकडा, म्हणाले. मोटरीच्या पाटीवर पन्नास हॉर्सपॉवर लिहिलेले असतात ते भोवती चाळीस अंश आहेत असं धरून. मोटर चालली की आतली तारांची गुंडाळी भोवतालच्या हवेपेक्षा तापणारच. हवाच दहा अंशांनी गरम असेल तर गुंडाळीही तितकीच जास्त तापते, आणि तिच्यावरचं इन्सुलेशन भाजून निघतं. म्हणून गरम जागी मोटरीकडून काम कमी घ्यायचं, त्याला डीरेटिंग म्हणतात. कंपनीच्या कॅटलॉगात पन्नास अंशांसमोर नव्वद टक्के छापलेलं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पंखा मागतो अठ्ठेचाळीस हॉर्सपॉवर. पन्नासची मोटर त्या माळ्यावर पंचेचाळीसच देणार. साठची घेतली तर चोपन्न मिळतात.

“पण जुनी पन्नासचीच होती ना?” मी विचारलं, कारण मीही अगदीच बावळट नव्हते.

या प्रश्नावर ते एवढे खूश झाले की चहा मागवला, तोही स्वतःच्या खर्चानं. जुन्या अमेरिकन पाटीवर आणखी एक ओळ होती, सर्व्हिस फॅक्टर एक पूर्णांक पंधरा. चाळीस अंशांत पन्नासवर पंधरा टक्के जादा ओढायची मुभा. ती सगळी मुभा पंधरा वर्षं त्या माळ्यावरच्या उष्णतेनं खाल्ली, म्हणून मोटर टिकली. देशी मोटरीच्या पाटीवर ती ओळ नसते. नसते म्हणजे मुभा नाही, पाटीवर आहे तेवढंच.

जाता जाता त्यांनी दोन कंपन्यांचे कॅटलॉग शेजारी ठेवले. एकीची एफिशियन्सी एक्याण्णव टक्के, दुसरीची एकोणनव्वद. आता मोटरीच्या पाटीवर एफिशियन्सीचा वर्गच छापलेला असतो म्हणे. तेव्हा असले वर्ग नव्हते, टक्के शोधून काढावे लागत. ते म्हणाले, हिशेब वाया जाणाऱ्याचा कर. नऊ आणि अकरा. जे वाया जातं ते सगळं तिच्याच पोटात उष्णता होऊन बसतं. सांगाडा आणि थंड करायची सोय सारखी असेल तर नऊवाली घ्यायची, गरम जागी तर हमखास. मी पन्नास अंश, साठ हॉर्सपॉवर आणि एक्याण्णव टक्के असा तक्ता माझ्या सगळ्यात देखण्या अक्षरात उतरवला आणि ‘ट्रेस केलं’ या चौकोनात आद्याक्षरं घातली.

आमचे साहेब मराठी. पुण्याहून बदलून आलेले, बालीगंजला आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहणारे. गणपतीत आमच्याकडे आरतीला यायचे, आईच्या हातचे मोदक मोजून नऊ खायचे. “आपल्या माणसांत आहे पोरगी,” असं बाबा अभिमानानं सांगायचे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता माझ्या टेबलावर टाकला. “चाळीस कर हे. आणि मोटर पन्नासची, एकोणनव्वदवाली.”

“साहेब, ते फोरमन म्हणाले की—”

“साठचीला सहा महिने लागतील, तिची भोकंही जुन्या पायाला बसणार नाहीत. पन्नासची तयार आहे. दुर्गापूजेच्या आधी चालू करून देतो असा मी शब्द दिलाय. पंखा मागतो अठ्ठेचाळीस, दोन शिल्लकच राहतात. वर सर्व्हिस फॅक्टर आहेच.”

“नव्या मोटरीच्या पाटीवर तो नाहीये ना पण.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “अगं, तू ट्रेसर आहेस की डिझायनर?”

मी अर्धं ब्लेड घेतलं. पन्नासातला पाच खरवडून काढला, नख घासलं, चार लिहिला. हॉर्सपॉवर बदलला, टक्के बदलले. फोरमनांची चिठ्ठी साहेबांनी खिशात घातली, ती मला पुन्हा दिसली नाही.

मोटर पूजेच्या आधी बसली. गिरणीतून मिठाई आली. हिवाळाभर माळ्यावर हवा जरा निवलेली, मोटर तक्रार न करता चालली आणि साहेब जिना चढताना शीळ घालू लागले. मे महिन्यात ती जळाली. गुंडाळी कोळसा झाली, यंत्र बंद पडलं, चौकशी बसली.

चौकशीत गिरणीच्या व्यवस्थापनानं एकच मुद्दा धरला. जास्त करंट ओढला की मोटर बंद पाडणारा रिले ट्रिप होऊन का पडला नाही? अर्थात फोरमननं तो जास्त करंटवर वाढवून ठेवला असणार. म्हाताऱ्यानं जीव तोडून सांगितलं की रिले पाटीवरच्या करंटवरच लावला होता. मोटर जास्त ओढतच नव्हती, तर तो पडेल कसा? रिले खाली गार खोलीतल्या पॅनलमध्ये बसलेला, त्याला वरच्या माळ्यावरची भट्टी कशी कळावी? मी तर पन्नास अंश सांगितले होते, म्हणाले, मुलीनं माझ्यासमोर लिहून घेतले. मूळ ट्रेसिंग काढा. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. राहतं घर गिरणीचं होतं आणि घरात अर्धांगानं पडलेली बायको होती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि फार गोड बोलले. “त्या शीटला घड्या पडल्यात. नवं ट्रेस करून ठेव. तारीख जुनीच घाल. जुनं कापड टाकून दे.” मग टेबलावरची फाइल सरकवत म्हणाले, “तुला नोकरीत कायम करण्याचा कागद या आठवड्यात सहीला येईल.”

घरी बाबांना सांगितलं. बाबा बँकेत अधिकारी, सह्यांचा मोठा अभ्यास. “खाली मंजुरीची सही कोणाची?” त्यांनी विचारलं. साहेबांची. “मग तुला काय करायचंय?” मला राग आला होता, बाबांचा आला होता, साहेबांचा आला होता. माझा स्वतःचा येण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती.

मी ट्रेस केलं, जुन्या तारखेसह. इतकं स्वच्छ काम मी आधी कधी केलं नव्हतं.

गिरणीचा एक अधिकारी आणि फोरमन असे दोघं आले. साहेबांनी मला शीट घेऊन बोलावलं. अधिकाऱ्यानं चाळीस वाचलं आणि मान हलवली. फोरमननी शीट मागितली, ती घेऊन ते खिडकीशी गेले आणि उजेडात धरली. त्यांना बरोबर ठाऊक होतं काय शोधायचं ते. खाली ट्राम वळत होती, तिचा खडखडाट संपेपर्यंत ते त्या एका आकड्याकडे बघत होते. कुठेही ओरखडा नव्हता.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलले असते तर दोन वाक्यांत काम झालं असतं. जुनं कापड माझ्या खणात होतं, दहा पावलांवर. मी माझ्या नखात अडकलेली शाई बघत उभी राहिले.

त्यांनी शीट माझ्या हातात दिली. “तोमार हात खूब पोरिष्कार, मा.” तुझा हात फार स्वच्छ आहे. टोमणा असता तर मी तो आयुष्यभर मनातल्या मनात परतवत राहिले असते. पण ते तक्ता जसा वाचायचे तसंच, खरं तेवढं, बोलले होते.

त्यांना काढलं. घर रिकामं करायला महिना दिला, असं गिरणीच्या कारकुनानं सांगितलं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हेही इथे लिहून ठेवते.

माझा कायमचा कागद आला. त्याच आठवड्यात गिरणीसाठी सुधारित तक्ता ट्रेस करायला आला. तापमान पन्नास, मोटर साठ हॉर्सपॉवर, एफिशियन्सी एक्याण्णव टक्के. ‘बदलाचे कारण’ या रकान्यात साहेबांनी पेन्सिलीनं लिहून दिलं होतं, ‘स्थळावरून मिळालेली माहिती’. ते मी शाईनं गिरवलं. ती मोटर पुढे कितीतरी वर्षं चालली.

जुनं कापड मी टाकून दिलं नाही. ट्रेसिंगचं कापड असतं अस्सल मलमल. ऑफिसातल्या सगळ्याच बायका रद्द झालेल्या शीट घरी नेऊन भिजवायच्या, खळ आणि शाई निघून जायची आणि खाली मऊ पांढरं कापड उरायचं. आईनं त्याचे सहा रुमाल शिवले, कडेला बारीक टीप घालून. एक साहेबांनाही दिला, गणपतीत आले तेव्हा. माझ्या वाट्याच्या रुमालात एका बाजूला ब्लेडनं झिजलेली जागा आली होती. पहिल्या दोन धुण्यांतच तिथे भोक पडलं. आई म्हणाली, “दे इकडे, रफू करते.” मी दिला नाही.