सतरा नंबरची रिकामी खाच

मुलांनो, तुम्ही विचारता की काम पुरं होण्याआधी मी कुणालाच काही का दाखवत नाही. त्याचं कारण एक काचपट्टी आहे.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. आपल्या शहरातल्या एका दवाखान्यात मी रक्त तपासत असे. गंगापूरकडची अकरा वर्षांची एक मुलगी वॉर्डात होती. तिला सारखी कावीळ व्हायची, पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती. आमच्या लॅबचे प्रमुख असलेल्या सरांनी आधीच लिहून दिलं होतं: टार्गेट पेशी, म्हणजे यकृताचा आजार. त्यामुळे उपचार यकृतावरच चालू होते.

मी तिच्या रक्ताची नवी काचपट्टी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मधे ठिपका असलेल्या टार्गेट पेशी मला दिसेनात. रक्तात गुठळ्या होताना दिसतात तसे पेशींचे तुकडेही नव्हते. दिसल्या त्या लहान, गच्च लाल, गोल पेशी. नेहमीच्या पेशीला मधे फिकट भाग असतो, तो यांना नव्हता. अशा पेशी पाणथरीत अडकून फुटतात.

संध्याकाळी सरांना दाखवलं. मला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहे. लिही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या सर्जनसमोर मी रिपोर्ट ठेवला. सर हसले. "बाईंचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं, पण नजर कच्ची. काचपट्टीच्या पातळ कडेला पाहिलं असणार. तिथं सगळ्याच पेशी गोल दिसतात."

कडेला तसं दिसतं हे खरं, पण मी पाहिलं होतं पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथं. सरांनीही तिथंच पाहिलं होतं. ती पट्टी दाखवायला मी काचपट्ट्यांच्या खोक्याकडे धावले. तिची पट्टी ठेवलेली सतरा नंबरची खाच रिकामी होती. किल्ली आम्हा दोघांकडेच असे.

रडत बसायला वेळ नव्हता, यकृताच्या नावाखाली मुलगी खंगत होती. बाहेर तिचा बाप बसला होता. त्याचेही डोळे पिवळे!

"हे कधीपासून, दादा?"

"लई लहानपणापासनं, बाई. गावात मला हळद्याच म्हनतेत."

दोघांचं रक्त घेतलं आणि काचपट्ट्या थेट सर्जनकडे नेल्या. त्यांनी स्वतः पाहिलं. बापाच्या पेशीही तशाच गोल. मग मुलीच्या पेशी मिठाच्या फिक्या पाण्यात टाकून पाहिल्या, त्या इतरांच्या आधीच फुटल्या. घराण्यातून आलेला दोष ठरला. पाणथरी काढली आणि कावीळ गेली.

ती तपासणीला आली तेव्हा मी पुन्हा पाहिलं. पेशी अजून गोलच होत्या, पण आता त्यांना फोडणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी सर डबा घेऊन माझ्याच टेबलाशी बसले. "मी म्हटलंच होतं, लिही," म्हणाले.

मी नेहमीसारखी माझ्या डब्यातली पोळी त्यांना वाढली नाही. खोक्याचं कुलूप मात्र त्याच आठवड्यात बदललं, किल्ली एकट्या माझ्याकडे.