कपाटाचा हिशोब आणि आत्या

माझी आत्या सुताराची मुलगी आणि शिंप्याची बायको. त्यामुळे मोजल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नाही. पर्समध्ये टेप कायम असते. नात्यात तिला मागून 'फूटपट्टी' म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि कोण म्हणतं तेही.

आम्ही सागवानी कपाट करायला दिलं, सात फूट उंच, सहा फूट रुंद. मिस्त्रीने मालासकट एक लाख चौदा हजार सांगितले. नवऱ्याला आकडा पटला होता. मीच आगाऊपणा करून आत्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या आधी मिस्त्रीच्या कारखान्यात हजर.

"नुसता ठोक आकडा नको," ती म्हणाली. "लाकूड किती, सामान किती, मजुरी किती, वेगळं लिहून द्या."

"आत्याबाई, वीस वर्षं काम करतोय. कोणी विचारलं नाही."

"म्हणूनच मी विचारतेय."

मिस्त्रीचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला पाहून आत्याचा संशय दुप्पट झाला. शेवटी त्याने कागद घेतला. लाकूड चौदा घनफूट, साडेचार हजारांनी त्रेसष्ट हजार. मागचा प्लाय तीन हजार. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, कुलपं, मुठी नऊ हजार. पॉलिश आठ. मजुरी दोन माणसं, दहा दिवस, दोघांचे मिळून रोजचे एकोणीसशे, म्हणजे एकोणीस हजार. वर त्याचा नफा बारा.

आत्याने आमचं चित्र पसरून एकेक फळी मोजली. तयार लाकूड अकरा घनफूट भरलं.

"चोरलं!" नवरा म्हणाला.

"गप रे. कापताना, रंधा मारताना पाचवा हिस्सा तरी जातो. चौदा बरोबर आहेत."

तिथून ती हार्डवेअरच्या दुकानात गेली, दोन दुकानांत भाव विचारले. नऊ हजारही बरोबर निघाले. ती जास्तच अस्वस्थ झाली. सगळं बरोबर निघालं की तिला झोप येत नाही.

दुपारी ती आम्हा दोघांना घेऊन पुन्हा कारखान्यात शिरली. मिस्त्री जेवायला गेला होता. भिंतीला टेकवलेल्या फळ्या तिने एकेक उलटल्या, ओल्या रुमालाने पुसल्या. बऱ्याचशा लालसर, घट्ट रेषांच्या. पण मागे दडवल्यासारख्या ठेवलेल्या फळ्यांच्या कडा पांढुरक्या होत्या.

"हा झाडाचा बाहेरचा भाग," ती मला म्हणाली. "याला कीड लवकर लागते. वखारीत याचा भाव बत्तीसशे. तुला साडेचार हजार लावलेत."

मिस्त्री परत आला तेव्हा ती फळीवर हात ठेवूनच उभी होती.

"या किती?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून परत खोवली. मग म्हणाला, "पाच घनफूट. ड्रॉवरच्या आत लावणार होतो. दिसणार नव्हत्या."

माझं डोकं तापलं. साडेसहा हजारांचा चुना! मी बोलायला तोंड उघडलं, पण आत्याची नजर भलतीकडेच होती, मजुरीच्या ओळीवर.

"दहा दिवसांत हे होतं? सगळे जोड खिळ्याविना खाचेत बसवायचे, सहा ड्रॉवर, चार दरवाजे. चौदा दिवस लागतील."

"लागतात," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "पण चौदा लिहिले की गिऱ्हाईक म्हणतं, हातच चालवायचे तर एवढे पैसे कशाचे? लाकडाच्या भावाला कोणी हात लावत नाही. मजुरीलाच घासाघीस. मग मी मजुरी लाकडात लपवतो."

आत्याने पर्समधून पेन काढलं. मग तिने कागद ओढला आणि उलट्या बाजूला लिहायला लागली. नऊ घनफूट साडेचारने, पाच बत्तीसशेने. मजुरी चौदा दिवस, सव्वीस हजार सहाशे. बाकी तसंच. बेरीज आली एक लाख पंधरा हजार शंभर.

"अगं आत्या, हे तर वाढलं!" नवरा ओरडला.

"अकराशेने. पण आता कशाचे देतोस ते तुला कळलं." मग मिस्त्रीकडे वळून, "पांढऱ्या फळ्या फक्त ड्रॉवरच्या बाजूंना. कीडनाशक दोन हात. आणि माझ्या वडिलांसारखं करू नका. तेही मजुरी लाजत सांगायचे. लोक त्यांच्या लाजेचे पैसे खायचे."

मिस्त्रीने मान हलवली. पण आत्याने एवढ्यावर सोडलं असेल असं समजू नका. दर तिसऱ्या दिवशी ती जाऊन बिजागऱ्यांवरचा छाप तपासायची, एकदा तर पॉलिशचा डबा हुंगला. मिस्त्री वैतागायचा, पण तिला बसायला स्टूल पुढे करायचा.

कपाट सोळाव्या दिवशी आलं. आत्याने सगळे ड्रॉवर उघडून-मिटून पाहिले, दरवाज्याच्या फटी नखाने चाचपल्या, आणि मिस्त्रीला बाजूला घेतलं.

"दोन दिवस जास्त गेले. त्याची मजुरी का नाही मागितलीत?"

"चूक माझी होती, एक दरवाजा परत करावा लागला. कशाला मागू?"

आत्याने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग मला हळूच सांगितलं, "कुठला दरवाजा ते विचारून घे हं."