अर्जाखाली आईची सही

बँकेने आईच्या नावातलं एक इंग्रजी अक्षर खाल्लं होतं. कधी, तर खाती कॉम्प्युटरवर चढवली तेव्हा, म्हणजे बाबा जिवंत होते त्या काळात. इतकी वर्षं त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. मग एक दिवस केवायसीचा मेसेज आला की आधारवरचं नाव आणि खात्यातलं नाव जुळत नाही, दुरुस्त करा नाहीतर व्यवहार बंद होतील. बाबांच्या मागे मिळणारी पेन्शन त्याच खात्यात येते आणि आईची औषधं त्यातूनच चालतात. तेव्हा हे काम टाळण्यासारखं नव्हतंच.

"काही नाही हो, साधा अर्ज द्या. सोबत आधार-पॅनची झेरॉक्स, सगळ्यावर त्यांची सही. आणि ओरिजिनल घेऊन या," बँकेतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या. त्यांच्यासाठी साधंच. पण आईला कंपवात आहे. चहाचा कप तिला आता दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी बशीत चहा सांडतो. अक्षर तर मुंगीएवढं झालंय, आणि ओळ कुठे सुरू होऊन कुठे जाईल ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

अर्ज लिहायला मी मानपाड्याच्या आमच्या घरी डायनिंग टेबलाशी बसले. आई समोर. "खात्यातील माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली आहे," मी मोठ्याने वाचत लिहिलं.

"झाली आहे काय? त्यांनी केली आहे. तसं लिही."

"अगं आई, अर्जात असं लिहीत नाहीत. त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचंय ना?"

"मग माझी चूक नाही एवढं तरी लिही. मी फॉर्म बरोबर भरलेला. कोणाला विचारून नाही भरला, माझा मी भरलेला."

लिहिलं बाई. "सदर चूक माझ्याकडून झालेली नाही" असं एक अख्खं वाक्य त्या अर्जात घातलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मग तिने सही करायला घेतली आणि आमचे दोन दिवस त्यातच गेले. हात स्थिर असला की सही करायची, म्हणजे सकाळची गोळी लागू पडली की. सही बिघडली की मी अर्ज पुन्हा लिहून काढत होते, झेरॉक्सवाल्याकडे फेऱ्या मारत होते. मध्येच वैतागून म्हटलं, "आई, अंगठा चालतो गं बँकेत."

तिने पेन खाली ठेवलं. "मी अंगठेबहाद्दर आहे का?"

मी नवा कागद पुढे केला. त्यामागची गोष्ट मला माहीत होती. माझी आजी, म्हणजे आईची आई, रेशनच्या दुकानात अंगठा द्यायची. द्यायची म्हणजे काय, दुकानदार तिचा हात मनगटाला धरून शाईवर दाबायचा आणि मग वहीवर. बरोबर गेलेल्या आईने ते लहानपणी बघितलेलं. लग्न झाल्यावर ती कोपरीच्या चाळीतल्या बायकांबरोबर बुद्धविहारात संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. शिकलेली पहिली गोष्ट स्वतःची सही. त्यानंतर ती कशावरही सही करायला एका पायावर तयार असायची. आमची प्रगतिपुस्तकं बाबांपर्यंत कधी पोचलीच नाहीत. पूर्ण नाव लिहायची, अक्षरांवर छान सरळ रेघ ओढून, आणि खाली आणखी एक रेघ.

खातं जुनं, ठाण्याच्याच शाखेतलं. रिक्षाने गेलो, आईने विहारात नेसते ती पांढरी साडी नेसलेली. बँकेत गर्दी फार नव्हती. मॅडम तरुण होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी ओरिजिनल तपासलं, अर्ज वाचला, "माझ्याकडून झालेली नाही" तिथे आल्यावर हसल्याही. मग स्क्रीनकडे बघितलं, अर्जाकडे बघितलं, परत स्क्रीनकडे.

"आजी, सही जुळत नाहीये."

स्क्रीन आमच्याकडे जरासा वळलेलाच होता. आईने मान पुढे काढून बघितलं. खातं उघडताना केलेली तिची सही होती ती, वरची रेघ, खालची रेघ, सगळं ठाकठीक.

"ती माझीच आहे," आई म्हणाली.

"हो आजी, पण अर्जावरची तशी नाहीये ना."

"हात म्हातारा झाला. मी तीच आहे."

मला एवढा राग आला! अहो, बाई समोर बसलीय, आधार समोर आहे, फोटो समोर आहे, आणि तुम्ही रेघा कसल्या जुळवताय? तसं मी बोललेही, जरा आवाज चढवूनच. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, उद्या कोणी यांच्या नावाने खोटी सही करून पैसे काढले तर तुम्हीच आम्हाला धराल. सही बदलून घेऊ या. नवीन नमुना द्या, पण एकसारखी यायला हवी." बरोबरच होतं त्यांचं.

आईने नमुन्याचा कागद पुढे ओढला. पहिली सही चौकटीबाहेर गेली. दुसरी अर्ध्यातच थांबली. तिसरीला तिने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, आणि ती सही तर वाचताच येईना. मी तिच्याकडे बघत नव्हते. मॅडमनी कागद हळूच बाजूला घेतला आणि ड्रॉवरमधून स्टँपपॅड काढलं.

अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात, घरचे चालत नाहीत. एक बँकेचे अधिकारी झाले. दुसरे पासबुक भरायला आलेले एक रिटायर काका, बँकेच्या ओळखीचे. त्यांनी "माझ्यासमोर दिला" म्हणून झोकात सही ठोकली. आईचा अंगठा पॅडवर थरथरत होता, ठसा फिसकटला. मग मॅडमनी "सॉरी हं आजी" म्हणत तिचं मनगट धरलं, अंगठा शाईवर दाबला आणि कागदावर टेकवला. आई छताकडे बघत होती. चेकबुक जमा करावं लागलं. अंगठ्याच्या खात्याला ते मिळत नाही. यापुढे पैसे काढायला तिने स्वतः यायचं.

रिक्षात मीच बडबडत होते, की काम झालं, आता पेन्शनची कटकट संपली, घरी जाऊन मस्त गरम चहा करते. तिने अंगठा मुठीत धरून ठेवला होता. मला रडायला येत होतं आणि मी रिक्षावाल्याशी खड्ड्यांवरून भांडत होते.

पुढे नवीन पासबुक आलं. नाव अगदी बरोबर, गळलेलं अक्षर जागेवर. मी आईला दाखवलं. "हं," म्हणाली आणि परत टीव्ही बघायला लागली.

परवा सोसायटीचा वॉचमन मीटिंगची नोटीस घेऊन आला. घर आईच्या नावावर, त्यामुळे सही तिची लागते. मी आत कपडे वाळत घालत होते. बेल वाजल्यावर बाहेर येऊन बघितलं, तर त्याने पेन पुढे धरलेलं आणि आईने अंगठा.

"आजी, शाई नाहीये माझ्याकडे," तो बिचारा ओशाळून म्हणाला.

"मग हिची सही घे," आई म्हणाली. "ही शिकलेली आहे."