सासऱ्यांचा हिरवा रंग आणि मुकी झालेली गाडी

गॅरेज दोन भावांचं, पण गाडीचं दुखणं ओळखायचं काम थोरल्याच्या बायकोकडे. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती हात वर करून थांबवायची. आधी गाडी काय म्हणते ते ऐकायचं, मग माणसाचं.

त्या सकाळी दातांचे डॉक्टर मोटारसायकल ढकलत आले. मागच्या सीटवर त्यांचे सासरे बसून होते.

"उतरला असतात तर ढकलायला सोपं गेलं असतं," वहिनी म्हणाली.

"मी तोल सांभाळत होतो," सासरे म्हणाले.

वहिनीने बटण दाबलं. नुसतं टक. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. हॉर्न वाजवला, तर सर्दी झालेल्या शेळीसारखा आवाज आला.

"बॅटरी गेली," सासऱ्यांनी निकाल दिला.

"परवाच नवी घातली, तुम्हीच सांगितलंत म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"मग जावई बटण नीट दाबत नाहीत. दात उपटून उपटून अंगठ्यातला जोर गेलाय."

वहिनीने मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्ट, आणि बटण दाबलं तरी आकडा जेमतेम हलला. म्हणजे बॅटरी ठणठणीत, पण तिच्यातून करंट बाहेर पडतच नव्हता. मग बटण दाबलं की स्टार्टरच्या मोटरला करंट सोडणारा रिले पाहिला. टक झालं की त्याच्या मोटरकडच्या टोकालाही तेवढेच व्होल्ट. रिले निर्दोष सुटला.

शेवटी तिने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला टेकवली, दुसरी इंजिनला. "दाबा," ती म्हणाली. डॉक्टरांनी दाबलं. आकडा नऊवर.

"इथे जवळजवळ शून्य हवं. करंटला परतायला वाटच नाही. बॅटरीचा मायनस चॅसीला जोडणारी अर्थिंगची पट्टी बघते."

सीटखाली पट्टीचा बोल्ट बोटाने फिरत होता. पट्टीच्या कडीखाली, चॅसीवर, हिरव्यागार रंगाचा जाड थर होता.

"हा रंग कुणी दिला?"

डॉक्टर सासऱ्यांकडे बघायला लागले. सासरे छताकडे.

"फाटकाचा उरला होता," ते म्हणाले. "गंज चढू नये म्हणून बोल्ट काढून आतूनही दिला. काम अर्धवट करायची मला सवय नाही."

"रंगातून करंट जात नाही, काका. त्यात बोल्टही ढिला ठेवलात. हॉर्नचा घसाही त्यामुळेच बसला."

तिने त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला. सासरे मांडी ठोकून बसले आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासत राहिले. वहिनीने कडी साफ केली आणि बोल्ट पान्याने आवळला.

डॉक्टरांनी बटण दाबलं. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. हॉर्न असा खणखणला की समोरचा शिंपी कात्री टाकून बाहेर आला. दवाखान्यात पेशंट खोळंबले होते. डॉक्टर आनंदाच्या भरात सुसाट निघून गेले.

सासरे बोटं पुसत उभे राहिले. रस्ता रिकामा होता.

"मला विसरले वाटतं," ते म्हणाले.

"येतील हो," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

"तरी पण," सासरे मागून म्हणाले, "बॅटरीवर माझा संशय कायम आहे."