अ वर्गाची किल्ली

लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला आले तेव्हा आमच्या दुकानात सगळंच कुलपात असायचं. पाणबुडी मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. पुढे काउंटर, मागे वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं काम. माझा नवरा बोअरमधून मोटारी काढायला गावोगाव फिरायचा आणि दुकान सासरे बघायचे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. तांब्याची तार असो की रबरी वायसर, आबांच्या हातून गेल्याशिवाय वस्तू बाहेर पडत नसे. गिऱ्हाईक आलं की ते आधी आपल्या अहिराणीत विचारत, "कोणतं गाव? पाणी कितलं खोल शे?" मग उठून कपाट उघडत, दोन वायसर काढत, कपाट लावत आणि परत येऊन बसत. तोवर त्या माणसाच्या विहिरीचं, कापसाचं, पोरीच्या लग्नाचं सगळं बोलून झालेलं असे.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. पहिलं बाळ वर्षाचं झाल्यावर मी दुकानात बसू लागले, आणि अडचण माझ्या लवकरच लक्षात आली. आबा दिवसभर नट-बोल्ट मोजत आणि वाइंडिंगची तार मात्र ऐन उन्हाळ्यात संपलेली असे. उन्हाळ्यात मोटारी जळतात, तेव्हाच तार लागते. माणसं वाट बघून दुसऱ्या दुकानात जात. दुसरीकडे, कधी काळी मागवलेले भाग कपाटात धूळ खात पडलेले.

एका पावसाळ्यात, धंदा थंड असताना, मी आबांना म्हटलं, "आबा, आपण मालाचे तीन वर्ग करू या. अ, ब, क."

"शाळेतल्या पोरांसारखे?" ते हसले.

आबा, नवरा आणि मी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. प्रत्येक वस्तूची वर्षभरातली विक्री आणि तिची खरेदी किंमत यांचा गुणाकार करायचा. मग मोठ्या आकड्यापासून लहानाकडे क्रम लावायचा. वरच्या मोजक्या वस्तूंमध्येच दुकानाचा बहुतेक पैसा फिरताना दिसतो, तो अ वर्ग. मधला ब. आणि खाली उरते ती वस्तूंची भलीमोठी रांग, जिच्यात पैसा थोडाच असतो, तो क.

आबांना वाटलं होतं, महाग वस्तू म्हणजे अ. सगळ्यात मोठं स्टार्टर पॅनल त्यांनी स्वतः अ मध्ये लिहायला सांगितलं. मी हिशेब दाखवला. तसलं पॅनल वर्षातून एखादंच जातं, म्हणून ते ब मध्ये गेलं. उलट मोटारीचं साधं बेअरिंग हातात घेतलं तर स्वस्त, पण रोज खपतं, म्हणून ते अ मध्ये आलं. आबा चष्मा वर करून कागदाकडे बघत राहिले. "हाई खरं शे," म्हणाले. मला त्यांचा तो मोकळेपणा फार आवडला.

एक शंका मात्र त्यांनी काढली. "वायसर क मध्ये टाकस तू. पन एका वायसरवाचून मोटार बसी ऱ्हास."

"म्हणूनच वायसर भरपूर ठेवायचे, आबा. इतके की संपायचा प्रश्नच नको. ते रोज मोजत बसायचं नाही, एवढंच."

तसंच केलं. क वर्गाचा माल पुढे उघड्या डब्यांत मांडला. प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पुढचा रिकामा झाला की मागचा पुढे ओढायचा आणि नवी मागणी द्यायची. गिऱ्हाइकाने स्वतः घ्यावं, काउंटरवर दाखवावं, जावं. ब वर्गाची मोजणी महिन्याला. अ वर्गासाठी स्वतंत्र लोखंडी कपाट, एकच किल्ली, दर आठवड्याला मोजणी, घेणाऱ्याची सही, आणि मागणी थोडी थोडी पण वारंवार. किल्ली आबांकडे असावी, हे आम्ही नवरा-बायकोने न बोलताच ठरवलं होतं. दुकानातली सगळ्यात मोलाची जबाबदारी दुसऱ्या कुणाला देणार?

पुढच्या उन्हाळ्यात तार एकदाही संपली नाही. नवरा खूश होता. मीही होते.

आबांचं काय झालं ते कळायला मला वेळ लागला. गिऱ्हाइकं आता दारातल्या डब्यांपाशीच थांबत. बोल्ट निवडत, मला पैसे देत, गाडीला किक मारत. आत लोखंडी कपाटाशेजारी आबा खुर्चीत बसलेले असत. कुणी लांबून "रामराम आबा" म्हणे, तेवढंच. त्यांच्याकडे यायचे ते मागचे वाइंडिंगवाले कारागीर, तार घ्यायला आणि सही करायला. त्यांना घाई असे. आबा आधी ज्यांच्याशी बोलायचे ती माणसं वायसर घ्यायला येणारी होती.

मी एकदा म्हटलं, "आबा, पुढे बसा ना डब्यांपाशी."

"तठे काय काम शे मनं? लोकं सोताच लेतस," ते म्हणाले. बोलण्यात राग नव्हता.

मग एका आठवड्याच्या मोजणीत तार कमी भरली. थोडीथोडकी नाही, नजरेत भरण्याइतकी. आबांनी पुन्हा वजन केलं. पुन्हा तेच. संध्याकाळी नवरा शिंदखेड्याकडून काम उरकून आला, हातपाय धुतले आणि अगदी सहज विचारलं, "आबा, तार कुणाला सही न घेता दिली होती का?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. अ वर्गात फरक पडला की त्याच दिवशी विचारायचं, हा आम्हीच केलेला नियम. पण आबांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांना दुकानात असं कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "नही," आणि घरी जायला उठले.

दुसऱ्या दिवशी आबा कपाट उघडून देऊन घरी परतले. मी सगळी रिळं ओळीने मांडली आणि कारण सापडलं. नव्या व्यापाऱ्याकडची तार जाड प्लास्टिकच्या रिळावर येत होती. आवक लिहिताना रिळाचं वजन वजा झालं नव्हतं. देताना आणि आठवड्याच्या मोजणीत मात्र नुसती तार धरली जात होती. तार कुठेच गेली नव्हती. कागदावरच ती जास्त लिहिली गेली होती. मी धावत घरी गेले, आबांना सांगितलं. नवरा घरीच होता, तो त्यांच्या पायाशी बसला. म्हणाला, "आबा, मी नुसतं विचारलं होतं."

"माले माहीत शे, भाऊ," आबा म्हणाले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि किल्ली माझ्या ओंजळीत दिली. "आते तू धर, पोरी. मन्हा डोळास्ले वजन नीट दिसत नही."

चष्मा लावला की त्यांना काट्यावरचा आकडा स्वच्छ दिसे. तरी मी मूठ मिटली.

त्या दिवाळीनंतर आबा गावी राहायला गेले, शेताकडे लक्ष द्यायला म्हणून. शेत भावकीच बघत होती, लक्ष द्यावं असं तिथे फारसं नव्हतं. आम्ही सोनगीर फाट्यावरून वळून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जातो. ते दुकानाची चौकशी करतात, कुठला माल चालतो ते विचारतात. मी सांगते. दरवर्षी आकडे बदलतात, वर्ग पुन्हा लावावे लागतात. यंदा केबल ब मधून अ मध्ये गेली हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

निघताना मी म्हटलं, "आबा, चला ना परत. दुकानात करमत नाही तुमच्याशिवाय."

"दुकान ब्येस चाली ऱ्हायनं," ते म्हणाले. "तुम्ही चांगलं कयं."

खरंच चांगलं केलं होतं आम्ही. हिशेबात एकही चूक काढता येत नाही. परतीच्या वाटेवर नवऱ्याने सोनगीर फाट्यावरून गाडी धुळ्याकडे वळवली, आणि मी पिशवीतली अ वर्गाची किल्ली चाचपून बघितली.