उरलेली सात अक्षरं

मंडळी, शिरगावात येऊन आठ महिने झाले, तरी बिल्डिंगमध्ये कोणी ओळखीचं नाही. म्हणून आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी स्वतः बनवलेलं शब्दकोडं वाटलं.

पंचवीस चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. त्यात चार नावं आडवी लपवली, दोन सरळ, दोन उलटी: बदलापूर, अंबरनाथ, शिरगाव, चामटोली. ती खोडली की सात अक्षरं उरतात. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की निरोप मिळतो: चा, र, ला, च, हा, ला, या. चारला चहाला या.

हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. आपणहून सापडावं असं वाटलं.

पहिल्या मजल्यावरच्या ताई कागद परत देत म्हणाल्या, "काका, चारही मिळाली. झालं ना?"

"झालं," म्हटलं.

चारला सहा कप मांडून बसलो. साडेपाचला एकट्याने चहा घेतला आणि परत आलेले कागद चाळले. बहुतेकांनी नावं खोडून कोडं सोडून दिलं होतं. एकाच कागदावर खाली पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, "चारला चहाला या."

नाव नव्हतं.

खरं सांगा, तुम्ही आला असतात?